चार पणत्या, सोळा दिवे: पहिल्यांदा घरी गौरी उभ्या केल्या त्याची गोष्ट

आमच्या सासरच्या गौरी पिढ्यान्‌पिढ्या बार्शीच्या घरी यायच्या. तिकडे त्यांना लक्ष्म्या म्हणतात. दोन पितळी मुखवटे, पत्र्याच्या दोन कोठ्या आणि सासूबाईंचे हात, एवढ्यावर सगळं चालायचं. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, आईंचे गुडघे फारच दुखायला लागले. १३ जुलैच्या रविवारी त्यांनी फोन केला. "अगं, यंदा लक्ष्म्या तुझ्याकडे पुण्याला येतील. मुखवटे मी घेऊन येते, उभं करायचं तू बघ."

पंचांग उघडलं. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, गौरी आवाहन ३१ ऑगस्टला रविवारी, पूजन १ सप्टेंबरला आणि विसर्जन २ सप्टेंबरला. हातात सात आठवडे होते. आनंद झाला आणि पोटात गोळाही आला, कारण आजवर मी फक्त पुरण वाटलं होतं आणि हळदीकुंकवाला सगळ्यांचं केलं होतं. गौरी नेमक्या कशावर उभ्या असतात, हे साडी उचलून मी कधी पाहिलंच नव्हतं.

पहिली अडचण घराची. आम्ही भाड्याने राहतो आणि भिंतीला ड्रिल करायचं नाही असं करारात स्पष्ट लिहिलंय. तरी घरमालकांना मेसेज करून मागच्या पडद्यापुरती दोन भोकं पाडू का, असं विचारलं. पाच दिवसांनी नम्र नकार आला. तेव्हा जे काही करायचं ते जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभं राहणारं हवं, हे ठरलं. आता वाटतं, नकार आला ते बरंच झालं. भिंतीचा आधार नसल्यामुळे प्रत्येक वस्तूच्या तोलाचा विचार करावा लागला.

आरास कसली करायची यावर घरात फार चर्चा झाली नाही. आईंना बार्शीच्या घरातल्या दिवेलागणीची फार आठवण येते, म्हणून जुन्या वाड्यातली संध्याकाळ करायची ठरली. सुरूचे खांब, महिरप, कोनाडा, कंदील, जातं. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले लाकडी सुरूदार खांब रस्त्यावरूनही दिसतात, मुलीला तिथे नेऊन त्यांचं चित्र काढून घेतलं. आरशांची कल्पना माझी. शनिवारवाड्यात आरसेमहाल होता, १८२८ च्या आगीत वाडा जळाला तेव्हा तोही गेला. त्याबद्दल वाचलेलं मनात होतं. गौरींच्या मागे मोठे आरसे लावायचे आणि दिव्यांनी सगळं उजळून टाकायचं, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

२६ जुलैला स्टँडची ऑर्डर दिली. बार्शीच्या कोठ्या गंजल्या होत्या, शिवाय बसमधून आणणं शक्य नव्हतं. लोखंडी काम करणाऱ्या एका कारागिराकडे दोन स्टँड सांगितले: गळ्यापर्यंत साडेतीन फूट उंची, कमरेला आणि खांद्याला कडं, हात अडकवायला नळ्या, खाली तीन पाय. दोन्हींचे मिळून २,८०० रुपये, त्यातले हजार आगाऊ. आठ दिवस सांगितले होते, मिळाले १२ ऑगस्टला, सतराव्या दिवशी. श्रावणात या लोकांकडे मांडव आणि मखरांच्या कामांची रीघ असते. जुलैच्या सुरुवातीलाच सांगून ठेवायला हवं होतं.

२ ऑगस्टला कापड आणि आरसे. सॅटिन बघायला गेले आणि मांजरपाट घेऊन आले. सॅटिन चमकतं, पण प्रत्येक चुणी दाखवतं, त्यात आरसा आणि दिवे असले की कापडावर पांढरे पट्टे उठतात. शिवाय समई जवळ असताना वितळून चिकटणारं कृत्रिम कापड मला नको होतं. सुती कापडही पेट घेतं, त्यामुळे अंतर राखावंच लागतं, पण मांजरपाटाचा मळकट पांढरा रंग चुन्याच्या भिंतीसारखा दिसतो आणि वाड्याला तोच शोभतो.

कापड किती लागेल हा हिशोब मी दुकानातच वहीवर केला. पडदा आठ फूट रुंद आणि सात फूट उंच हवा होता. एका बाजूला पडणाऱ्या सपाट चुण्या घालायच्या तर वर दिसणाऱ्या दोन इंचांमागे चार इंच कापड आत दुमडलं जातं. म्हणजे आठ फूट पडद्याला चोवीस फूट रुंदीचं कापड. पन्हा ४४ इंचांचा, त्यामुळे सात पट्टे. प्रत्येक पट्टा दुमडीसकट सात फूट चार इंचांचा, एकूण सोळा मीटर. मांजरपाट धुतल्यावर आटतो म्हणून सतरा मीटर घेतला, ६५ रुपये मीटरने १,१०५ रुपये. दुकानदार दहा मीटरमध्ये होईल म्हणत होते. तेवढ्यात झालं असतं, पण चुण्या नसत्या पडल्या, नुसत्या लाटा दिसल्या असत्या. घरी आणून आधी धुतला, वाळवला, मगच शिंप्याकडे दिला. पट्टे जोडून अठ्ठेचाळीस चुण्या वरच्या पट्टीत शिवून घेण्याचे पाचशे रुपये झाले. डावीकडच्या चुण्या उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे, म्हणजे दोन्हीकडून मधल्या कोनाड्याकडे वळतील, असं त्यांना खडूने बाण काढून दिलं.

आरसे काचवाल्याकडून चार मिलिमीटरचे घेतले, दोन बाय चार फुटांचे दोन, कडा घासून. १,७६० रुपये. त्या मापाचा एक आरसा साधारण साडेसात किलोचा भरतो, हे उचलेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. ९ ऑगस्टला, राखी पौर्णिमेला, टेम्पोने घरी आले, भाडं चारशे. सोसायटीच्या गेटवर साहित्याची नोंद, गाडीचा नंबर, फ्लॅट नंबर, सही. जड सामानाला मोठी लिफ्ट, आणि ती दुपारी एक ते चार बंद. टेम्पो पावणेदोनला पोचला होता. सव्वादोन तास आम्ही दोघं पार्किंगमध्ये आरसे धरून उभे होतो, कारण काच आडवी ठेवायची नसते, उभी टेकवूनच ठेवायची. सामान मागवण्याआधी सोसायटीचे हे नियम विचारून घ्या.

१५ ऑगस्टला सुट्टी होती, त्या दिवशी पहिली रंगीत तालीम. आई आदल्या दिवशीच आल्या होत्या. मात्र मुखवटे पेटीतून काढायचे नाहीत, ते आवाहनाच्या वेळीच दारातून पावलांवरून आत आणायचे, असं त्यांनी बजावलं. मग मुखवट्याच्या वजनाची जागा घ्यायला दोन तांबे घेतले. मुखवटा बार्शीला वाण्याच्या काट्यावर एकदा तोलला होता, दीड किलोच्या जवळपास. तेवढी वाळू तांब्यात भरली, तोंड कापडाने बांधलं आणि तांबे स्टँडच्या गळ्यावर बसवले. हे फार उपयोगी पडलं. ज्यांच्याकडे मुखवटे आधी बाहेर काढत नाहीत त्यांनी वजन ठेवल्याशिवाय तालीम करू नये, रिकामा स्टँड कधीच पडत नाही.

पडद्यासाठी एक इंची पीव्हीसी पाइपची चौकट केली होती. ओल्या दिवसांत मांजरपाट आणखी जड झाला आणि आठ फुटांचा आडवा पाइप मधोमध धनुष्यासारखा वाकला. चुण्यांच्या तळाची ओळही त्यामुळे मध्ये खाली गेली. मधोमध एक तिसरा उभा पाइप घातला, तो चुण्यांच्या मागे लपला आणि ओळ सरळ झाली. चारही कोपऱ्यांत पायांवर पाण्याच्या पाच लिटरच्या बाटल्या ठेवल्या. इथवर ठीक होतं.

मग गौरींच्या मागे आरसे उभे केले, साड्या कशाबशा गुंडाळल्या, दिवे लावले आणि समोर येऊन बघितलं. मन खट्टू झालं. आरशात सगळ्यात आधी दिसत होती ट्यूबलाइट, मग टीव्ही, मग स्वयंपाकघराचं दार. गौरींच्या पाठी दिसत होत्या: पिना, दोऱ्या, लोखंडी कडं. आई सोफ्यावर बसून शांतपणे बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लक्ष्म्या दोनच येतात गं, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. या किती दिसतायत मला?"

त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं. दोन बहिणी माहेरी येतात, त्यांची गर्दी करायची नाही.

त्याच वेळी नवऱ्याने ज्येष्ठेची साडी सारखी करायला मागून पदर जरा ओढला आणि स्टँड पाठीमागे कलंडला. त्याने कमरेला धरला म्हणून वाचला. तांबा मात्र सुटला आणि आरशापासून हातभर अंतरावर पडला. पितळी मुखवटा असता तर? आईंच्या सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळचा आहे तो. मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दहीहंडीचे ढोल बाहेर वाजत होते आणि आम्ही जमिनीवर बसून स्टँड मोजत होतो. प्रत्येक पाय मधल्या दांड्यापासून २० सेंटिमीटर लांब. वाटतं, की कुठल्याही बाजूला वीस सेंटिमीटरचा आधार आहे. तसं नसतं. तीन पायांची टोकं जोडून जो त्रिकोण होतो, त्याच्या कडेपलीकडे तोल गेला की वस्तू पडते आणि दोन पायांच्या मधली ती कड दांड्यापासून फक्त १० सेंटिमीटरवर असते. निम्मीच. आमचा एक पाय पुढे होता, दोन मागे, म्हणून मागच्या बाजूला आधार कमी आणि स्टँड मागेच गेला.

शिवाय गौरींना नेमका मागेच ढकलणारा जोर येतो. प्रत्येक सवाष्ण येऊन कपाळाला हळदकुंकू लावते, ते सगळ्यात उंच जागी, पुढून मागे. एका संध्याकाळी तीस बायका आल्या तर साठ वेळा.

हा जोर किती सहन होतो ते मोजायला प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा वापरला. खांद्याच्या उंचीला, जमिनीपासून साधारण एक मीटरवर, दोरी बांधली आणि काट्याने हळूहळू मागे ओढलं. पुढचा पाय उचलला गेला तेव्हा काट्यावर सातशे ग्रॅम होते. सगळी गौर वाळूच्या तांब्यासकट सात किलोची आणि ती सातशे ग्रॅमच्या ओढीने कलंडत होती. नुसतं 'डुगडुगतंय' म्हणण्यापेक्षा हा आकडा कळला आणि काय करायचं तेही कळलं: पाया रुंद करायचा आणि वजन खाली आणायचं.

सुताराकडून अठरा मिलिमीटर प्लायचे दीड फुटी दोन चौरस तुकडे आणले, पाचशे रुपये. तिन्ही पाय त्यावर ठेवून पाइप बसवायच्या लोखंडी पट्ट्यांनी स्क्रू मारून घट्ट केले. आता कड प्रत्येक बाजूला साडेबावीस सेंटिमीटरवर गेली. वजनासाठी मी विटा म्हणत होते. आई म्हणाल्या, "विटा कशाला? कोठीत आम्ही काय भरायचो?" पत्र्याच्या कोठ्यांत दरवर्षी धान्य भरायचे, गहू आणि तांदूळ. मी ते इतकी वर्षं केवळ समृद्धीचं चिन्ह समजत होते. ते आहेच, पण दहा-पंधरा किलो धान्य तळाशी असलेली कोठी बायकांच्या गर्दीत हलत नाही, हेही त्या जुन्या बायकांना पक्कं ठाऊक असणार. प्रत्येक पाटावर पाच किलो गहू आणि पाच किलो तांदळाच्या नव्या सुती पिशव्या पायांच्या मध्ये बसवल्या. परत काटा लावला. चार किलोच्या वर गेला तेव्हा कुठे कड उचलली. आधीच्या सहापट. ज्येष्ठेला आणि कनिष्ठेला दोघींनाही असंच करून मग मी निवांत जेवले.

मुखवट्याचा गळा तीन इंचांचा आणि दांडा एक इंचाचा, ही फट आईंनीच सांभाळली. सुती कापडाच्या पट्ट्या ओल्या करून दांड्याला पिळून गुंडाळल्या, वाळल्यावर त्या घट्ट बसल्या. अंदाज त्यांच्या हाताला होता. मुखवटा बसवून हळूच डावी-उजवीकडे फिरवायचा, सहज फिरला तर अजून एक वेढा.

आरशांचं काय करायचं हे राहिलंच होतं. परत करायला घेतले तर काचवाला कापलेला माल परत घेत नाही. मुलगी तेव्हा शाळेतला आरशांचा धडा करत होती, दोन आरसे काटकोनात ठेवले की एका वस्तूच्या तीन प्रतिमा दिसतात. म्हणजे वस्तू धरून चार. मी ऐकता ऐकता थांबले. चार पणत्या ठेवल्या तर सोळा दिसतील.

गौरींच्या बाबतीत सोळा हा काही साधा आकडा नाही. आमच्याकडे सोळा पदरांचा दोरा, त्याला सोळा गाठी आणि नैवेद्याला सोळा भाज्या एकत्र. तेव्हा ठरलं, की गौरींच्या मागे आरसा नको. दोघींच्या मध्ये, पाटाच्या उंचीवर, वाड्यातल्यासारखा एक कोनाडा करायचा, त्याच्या आत दोन आरसे काटकोनात, आणि त्यात दिवे. गौरी दोनच दिसतील, दिवे मात्र सोळा.

१८ ऑगस्टला एक आरसा मधोमध कापून दोन बाय दोनचे दोन तुकडे केले, घासाईसकट दीडशे रुपये. दुसरा आरसा वाया गेला म्हणायचा, तो आता बेडरूममध्ये आहे. आधी कागदावर नीट विचार केला असता तर नऊशे रुपये वाचले असते. आरशांना मागून प्लाय लावला, पण चिकटवलं नाही. काही सिलिकॉनमधून सुकताना आम्लाचा वास येतो, त्याने आरशाच्या पाठीचा मुलामा काळा पडतो, असं काचवाल्यानेच सांगितलं. म्हणून खाली लाकडी पट्टीची खाच आणि वर दोन क्लिपा. दोन्ही आरसे मध्ये काचेला काच लागेल असे भिडवले, त्या सांध्यावर पट्टी मारायची नाही, नाहीतर मधली प्रतिमा पट्टीमागे जाते.

काटकोन पक्का हवा. इथे आम्हाला मुलीच्या कंपासपेटीतल्या गुण्याने मदत केली, पण तो लहान पडतो. कोपऱ्यापासून एका आरशाच्या पायावर १५ इंच, दुसऱ्यावर २० इंच अशी खूण केली, त्या खुणांमधलं तिरपं अंतर २५ इंच भरलं की काटकोन. त्याहून सोपी खूण डोळ्यांना दिसते. मधोमध एक पणती ठेवा आणि सांध्यात दिसणारी पणती बघा. ती अखंड दिसली तर कोन बरोबर. दुभंगलेली, किंवा चिमटलेली दिसली तर आरसा थोडा उघडा किंवा मिटा. आमची पणती सुरुवातीला दोन ज्योतींची दिसत होती. आरशाखाली पोस्टकार्डाची घडी घातली आणि ती एक झाली.

पणत्या कशाही ठेवून चालत नाही हे नंतर कळलं. आधी ओळीत ठेवल्या तर काही प्रतिमा एकमेकींच्या मागे लपल्या, मुलगी मोजून अकराच म्हणाली. मग सांधा हे केंद्र धरून दोऱ्याने पंधरा इंचांवर पाव वर्तुळ काढलं आणि त्यावर चार पणत्या ठेवल्या. दोन पणत्यांमध्ये सहा इंच, आणि कडेची पणती ते आरसा तीन इंच, म्हणजे निम्मं अंतर. कारण त्या पणतीची प्रतिमा आरशाच्या पलीकडे तीन इंचांवर असते, दोन्ही मिळून सहाच होतात. आता पाव वर्तुळाचं पूर्ण वर्तुळ झालं आणि त्यावर सारख्या अंतराने सोळा दिवे. आतल्या जागेत कमळाचा चौथा हिस्सा रांगोळीने काढला, आरशात पूर्ण कमळ उमललं. आईंना हात धरून समोर आणलं. त्या बोट पुढे करून मोजत राहिल्या. सोळा झाल्यावर परत पहिल्यापासून मोजले.

त्या पणत्या बॅटरीच्या आहेत. खरी ज्योत आरशापासून तीन इंचांवर ठेवली तर काच एकाच जागी तापून तडकू शकते आणि काजळी धरते. खऱ्या दोन समया आम्ही पुढे, आरशापासून आणि कापडापासून तीन फूट दूर ठेवल्या.

काटकोनी आरशाची आणखी एक गंमत आहे. तुम्ही कुठेही उभे राहा, त्यात तुम्ही आणि तुमच्या मागचंच दिसतं. त्यामुळे ट्यूबलाइट बंद केली, समोरच्या खिडकीला जाड पडदा लावला आणि आरशातला बाकीचा पसारा अंधारात गेला. मुख्य उजेड पडद्याच्या एका कडेने, चुण्यांच्या आडव्या दिशेने सोडला. समोरून सोडला होता तेव्हा अठ्ठेचाळीस चुण्या असूनही कापड सपाट दिसत होतं. कडेने सोडल्यावर प्रत्येक चुणीची सावली पडली.

खांब पटकन झाले. कापडाच्या दुकानात तागे गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या फुकट मिळतात, त्यावर पुठ्ठ्याच्या पाकळ्या लावून तपकिरी रंग दिला. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि पुठ्ठ्यावर रंग बसतोही छान. महिरप एमडीएफमध्ये कापून घेतली, नऊशे रुपये. जातं शेजारच्या काकूंचं, खरं, दगडी. ते पडद्याच्या चौकटीच्या पायाजवळ ठेवलं, आरास म्हणूनही आणि वजन म्हणूनही. पाइप, दिवे, रंग धरून सगळा खर्च दहा हजारांच्या थोडा वर गेला. धान्य त्यात धरलेलं नाही.

२४ ऑगस्टला सगळं उभं राहिलं. २७ ला गणपती आले. ३० ला साड्या नेसवल्या. निऱ्या आदल्या रात्री घालून, चिमटे लावून इस्त्री केल्या होत्या, त्यामुळे नेसवताना एका गौरीला अर्धा तास पुरला. नाहीतर नऊवारी उभ्या स्टँडवर नेसवताना निऱ्या हातातून निसटत राहतात.

३१ ला आवाहन. मुलीने रांगोळीची पावलं काढली, आईंनी पेटी उघडली, मी मुखवटा ताटात घेऊन दारात उभी राहिले. "गौरी आली, कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी आली." सगळं घर दाखवलं, स्वयंपाकघर, दूधदुभतं, तिजोरी, आणि मग स्टँडजवळ आले. इतक्या तालमी करूनही मुखवटा ठेवताना हात थरथरले. तो कापडाच्या वेढ्यावर घट्ट बसला. आईंनी हलकेच फिरवून पाहिला. फिरला नाही.

पूजनाच्या दिवशी चौतीस बायका आल्या. कोणी एका हातात लेकरू घेऊन दुसऱ्या हाताने कुंकू लावलं, कोणी अंगठ्याने चांगलं दाबून लावलं. मी प्रत्येक वेळी पाटाच्या कडेकडे बघत होते. एकदाही उचलली नाही. लहान मुलं मात्र कोनाड्यासमोरून हलेनात. दिवे मोजायचे आणि पुन्हा मोजायचे.

२ सप्टेंबरला संध्याकाळी दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता टाकून मुखवटे हलवले. नंतर आवराआवर. मुखवटे मऊ कापडात पेटीत, चुण्यांचा पडदा न दुमडता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, आरसे वर्तमानपत्रात आणि कपाटामागे उभे. पाटावरचे गहू दळायला दिले, त्याच्या पोळ्या त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी खाल्ल्या.

पणत्या काढायचं काम आईंनी मागून घेतलं. खुर्चीवर बसून त्यांनी पहिली उचलली आणि कोनाड्यातल्या चार जागा एकदम अंधारल्या. त्या थबकल्या. ती पणती परत खुणेवर ठेवली. "राहू दे आजची रात्र," म्हणाल्या, "उद्या काढू."